"धर्मात जबरदस्ती नाही" ही आयत नेमकी कोणासाठी?

पिंपळपान:
कुराणाच्या दुसऱ्या सूरेतली २५६वी आयत, "धर्मात जबरदस्ती नाही." आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अर्धे लोक ती पाठवून "विषय संपला" म्हणतात, उरलेले म्हणतात की ती केव्हाच रद्द झाली. ती कोणत्या प्रसंगी आली आणि रद्द झाली म्हणणाऱ्यांचा आधार काय, हे कुणी नीट सांगेल का? शिवीगाळ नको, प्लीज.

ठोकताळा:
यात अवघड काय आहे? मक्केत हातात काही नव्हतं तेव्हा गोड गोड आयती आल्या. मदिनेत सत्ता आली आणि तलवारीची आयत आली. नंतरचं आधीच्याला खोडतं. झालं.

बशीर मिरजकर:
ठोकताळा, तुमच्या युक्तिवादाचा पायाच चुकलाय. ही आयत मक्केतली नाही. सूरा बकरा मदिनेतली आहे, आणि या आयतीचा जो प्रसंग सगळ्यात जास्त सांगितला जातो तो हिजरी ४ मधला, म्हणजे इसवी सन ६२५चा. बद्रची लढाई होऊन गेली होती. मदिनेत कोणाचा शब्द चालतो याबद्दल शंका उरली नव्हती.

प्रसंग असा. इस्लामच्या आधी मदिनेतल्या ज्या बायकांची मुलं जगत नसत, त्या नवस बोलत: हे मूल जगलं तर त्याला ज्यू करीन. मूल जगलं की ते ज्यू घरात वाढायचं. पुढे त्या बायकांची घरं मुसलमान झाली, मुलं मात्र ज्यूच राहिली. मग बनू नजीर या ज्यू टोळीला मदिना सोडायचा हुकूम झाला. उंटावर मावेल तेवढं न्यायची परवानगी होती, म्हणून लोकांनी आपलीच घरं पाडून दारांच्या चौकटीसुद्धा लादल्या. त्या तांड्यात ही मुलंही निघाली. आईबाप म्हणाले, आमची मुलं आम्ही जाऊ देणार नाही. तेव्हा ही आयत आली. अबू दाऊदच्या हदीस-संग्रहात हे पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांच्या नावावर आहे.

जबरदस्ती कोण करणार होतं ते बघा. शत्रू नाही, सैन्य नाही. पोटच्या पोरांना मागे खेचू पाहणारे आईबाप, आणि तेही जिंकलेल्या बाजूचे.

ठोकताळा:
बरं, मक्केचं मागे घेतो. पण मग रद्द झाली असं म्हणणारे काय हवेत बोलत होते? ते तुमचेच जुने भाष्यकार ना?

बशीर मिरजकर:
हवेत नव्हते. याच आयतीचा दुसरा एक प्रसंग सांगतात. मदिनेतल्या एका अन्सारी, म्हणजे तिथल्याच मूळच्या मुसलमान, गृहस्थाचे दोन मुलगे सीरियाहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या नादाने ख्रिस्ती झाले आणि त्यांच्याबरोबर निघून गेले. बापाने पैगंबरांना विचारलं, त्यांना परत आणू का? उत्तर म्हणून ही आयत. पण ही कथा सांगणारे जुने भाष्यकार सुद्दी स्वतःच पुढे जोडतात की नंतर नवव्या सूरेत ग्रंथधारकांशी, म्हणजे ज्यू-ख्रिस्ती लोकांशी, लढायचा हुकूम आला आणि ही आयत रद्द झाली. म्हणजे रद्द झाल्याचा दावा कुणी बाहेरून आणून चिकटवलेला नाही, तो कथेच्याच शेपटीला बांधून आलाय. प्रामाणिकपणे हे सांगायलाच हवं.

तरी तबरीने तो मानला नाही. तबरी वारला ९२३ साली, त्याची तफ्सीर, म्हणजे कुराणावरचं भाष्य, सगळ्यांच्या आधाराची. त्याने आधी सगळी मतं मांडली, मग स्वतःचा निवाडा दिला. त्याचं म्हणणं असं: एक आज्ञा दुसरीला रद्द करते असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. इथे तसं नाही. नवव्या सूरेतली २९वी आयत लढायला सांगते, पण ती लढाई जिझिया दिल्यावर थांबते. जिझिया देणारा माणूस आपल्याच धर्मात राहतो. मग जबरदस्ती कुठे झाली? दोन्ही आयती शेजारी शेजारी नांदतात.

विसूभाऊ:
बशीरभाई, तुम्ही तबरीचा अर्धाच निवाडा सांगितलात. पुढचाही सांगा की.

बशीर मिरजकर:
सांगतो, लपवायचं काय त्यात. तबरीच्या मते आयत शाबूत आहे, पण ती सगळ्यांसाठी नाही. ज्यू, ख्रिस्ती, अग्निपूजक, म्हणजे ज्यांच्याकडून जिझिया घेता येतो, त्यांच्यापुरती. अरबस्तानातले मूर्तिपूजक आणि इस्लाम सोडून गेलेले लोक तो बाहेर ठेवतो.

ठोकताळा:
अहो मग आमचं काय? आम्ही मूर्तिपूजक!

बशीर मिरजकर:
यावर फिकहच्या, म्हणजे इस्लामी कायद्याच्या, चार शाळांचं एकमत नाही, आणि हा मतभेद आपल्या देशात फार महत्त्वाचा ठरला. हनफींच्या मते फक्त अरबस्तानातले मूर्तिपूजक वगळायचे, बाकी जगातल्या कोणाकडूनही जिझिया घेता येतो. मालिकींचंही साधारण तसंच सैल धोरण. शाफिई आणि हंबली मात्र ग्रंथधारक आणि अग्निपूजकांवर थांबतात. दिल्ली सल्तनतीचा इतिहासकार बरनी, त्याच्या इतिहासात काझी मुगीस अल्लाउद्दीन खिलजीला हेच सांगतो: हिंदूंकडून जिझिया घ्यायची मुभा एकट्या अबू हनीफांनी, म्हणजे हनफी शाळेच्या इमामांनी, दिली, बाकीच्यांच्या मते इस्लाम नाहीतर मरण. आता बरनी हा स्वतःची कडवट मतं दुसऱ्याच्या तोंडी घालण्यात पटाईत होता, त्यामुळे काझी खरंच असं बोलला की नाही ते सोडा. दिल्लीच्या दरबारी लोकांना हा वाद ठाऊक होता, एवढं नक्की.

शमा:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, रागावू नका. आमच्याकडे मोठे भाऊजान नमाजावरून घरात रोज कटकट करतात. माझ्या मुलाला पहाटे फजरच्या नमाजाला ओढून उठवतात. मी हीच आयत दाखवली तर म्हणाले, "ती बाहेरच्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही." हे खरं का?

बशीर मिरजकर:
आपा, जुन्या भाष्यकारांच्या हिशेबाने भाऊजान बरोबर आहेत. त्यांनी ही आयत धर्मात येण्यापुरती वाचली, आत असलेल्याच्या नमाज-रोज्यासाठी नाही. मुलांबद्दल वेगळी हदीस आहे, सातव्या वर्षी नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी त्यावरून मारा, अशी. भाऊजान बहुतेक तीच काढतील. पण झमख्शरी आणि राझी या भाष्यकारांचा धागा वेगळा आहे. ते म्हणतात, अल्लाहने ईमानच मुळी जबरदस्तीवर उभारलेलं नाही, माणसाच्या निवडीवर उभारलंय, आणि त्यासाठी दहाव्या सूरेतली ९९वी आयत पुढे करतात: "लोकांनी ईमान आणावं म्हणून तू त्यांच्यावर जबरदस्ती करणार आहेस का?" हे तत्त्व मानलं तर ओढून उठवलेल्याच्या नमाजाला काय अर्थ, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण तो तुमच्या घरात तुम्हालाच लढवावा लागेल.

गौरी डोंबिवली:
भाष्य राहू द्या, आपल्या नेताजी पालकरांचं बोला. १६६७ मध्ये औरंगजेबाने त्यांना मुसलमान केलं, नाव ठेवलं महंमद कुली खान. तेव्हा ही आयत कुठे गेली होती? १६७६ मध्ये महाराजांनी त्यांना परत घेतलं म्हणून बरं.

विसूभाऊ:
गौरीताई, आयत पाळली गेली का आणि आयतीचा अर्थ काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण तुमच्या उदाहरणातून एक चांगला प्रश्न निघतो: जबरदस्तीने मुसलमान केलेला माणूस कायद्याने मुसलमान ठरतो का? बशीरभाई?

बशीर मिरजकर:
माझ्या मते हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, कारण इथे आयत प्रवचनातून उठून कचेरीत येते. हंबली फकीह, म्हणजे कायदेपंडित, इब्न कुदामा स्पष्ट लिहितो: ज्याच्यावर जबरदस्ती करणं गैर आहे अशा माणसाला जबरदस्तीने मुसलमान केलं, तर त्याचा इस्लाम धरायचा नाही, तो परत गेला तर त्याला धर्मत्यागी म्हणून मारता येणार नाही. आधार म्हणून तो हीच आयत देतो. हनफी थोडे वेगळे. ते वरकरणी त्याला मुसलमान धरतात, पण परत फिरला तर मृत्युदंड नाही, कारण त्याच्या मनाबद्दल संशय आहे. म्हणजे औरंगजेबाच्याच हनफी शाळेच्या पुस्तकांप्रमाणे परत फिरलेल्या नेताजींना त्यासाठी ठार करता आलं नसतं.

हे नुसतं कागदावरचं नव्हतं. अंदलुसियात, म्हणजे मुसलमानी स्पेनमध्ये, अलमोहाद राजवटीने ज्यूंवर मुसलमान होण्याची सक्ती केली. मूसा इब्न मैमून, युरोप ज्याला मायमोनिडीझ म्हणतो तो ज्यू पंडित-वैद्य, तिथून निसटून कैरोजवळ फुस्तातला आला आणि ज्यूंचा पुढारी झाला. इब्न अल-किफ्ती लिहितो की पुढे अंदलुसियाचा एक फकीह मिसरमध्ये आला, त्याने त्याला ओळखलं आणि आरोप केला: हा तिकडे मुसलमान झाला होता, आता फिरलाय. आरोप सिद्ध होता तर शिक्षा मरणाची होती. सलाहुद्दीनचा सचिव अल-काझी अल-फाझिल याने प्रकरण मिटवलं: ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याचा इस्लाम कायद्याने वैध नाही. माणूस सुटला. तो खरंच कधी वरवर मुसलमान झाला होता का, यावर आजचे अभ्यासक भांडतात. पण निवाड्याची पद्धत इब्न कुदामाच्या नियमाशी तंतोतंत जुळते.

ठोकताळा:
छान गोष्ट आहे. पण यात एक मेख आहे. वैद्यबुवा सुटले ते "जबरदस्ती झाली होती" म्हणून. खुशीने मुसलमान झालेला, किंवा जन्माने मुसलमान असलेला, उद्या म्हणाला मला पटत नाही, तर? तिथे तुमची आयत गप्प का बसते?

विसूभाऊ:
यात ठोकताळांचा मुद्दा बिनतोड आहे. "जो धर्म बदलेल त्याला मारा" ही हदीस बुखारीच्या संग्रहात आहे आणि पुरुषापुरती चारही शाळांनी ती मानली. जमाते इस्लामीचे संस्थापक मौदूदी यांनी विसाव्या शतकात हाच बचाव केला: जबरदस्ती नाही ती आत येण्याची, बाहेर जायची मोकळीक कुणी दिली नाही.

बशीर मिरजकर:
मान्य, जुन्या फिकहचं चित्र तसंच आहे. पण त्यातही एक फट बघा. हनफींनी धर्म सोडणाऱ्या बाईला मृत्युदंड दिला नाही, कैद सांगितली. हनफी फकीह सरख्शी कारण देतो की ती लढाईला उतरत नाही. म्हणजे शिक्षा नुसतं ईमान सोडल्याची नव्हती, शत्रूला जाऊन मिळण्याची होती. हाच धागा धरून अल-अझहरचे शेख महमूद शलतूत यांनी, आणि पाकिस्तानचे सरन्यायाधीश राहिलेले एस. ए. रहमान यांनी, नुसत्या धर्मत्यागाला मृत्युदंड नाही असं मांडलं.

ठोकताळा:
कैद ही जबरदस्ती नाही वाटतं?

बशीर मिरजकर:
आहे. त्याचं उत्तर सरख्शीकडे नाही. माझ्या मते बनू नजीरच्या प्रसंगात आहे. ती मुलं अन्सारींच्या पोटची होती आणि जाऊ दिली गेली. पण ती कधी मुसलमान झालीच नव्हती, असं मौदूदी म्हणतील, आणि ते मला खोडता येत नाही.

पिंपळपान:
सगळ्यांचे आभार. ग्रुपवर यातलं काय टाकू? चौकटी उंटावर लादल्याचा प्रसंग टाकते, आणि तबरीचा निवाडा टाकते, पण दोन्ही अर्ध्यांसकट.