चेक सासरच्या नावाचा, खातं माहेरच्या नावाचं

अश्विनी (बी-२०४): सगळ्यांना नमस्कार. एक अडचण आहे. १० मेला आमचं लग्न झालं, तेव्हा मामांनी आहेरात अकरा हजारांचा चेक दिला. तो 'अश्विनी सागर कोरे' या नावाने लिहिलाय. काल बँकेत भरायला गेले तर काउंटरवरूनच परत दिला. खात्यावर अजून 'अश्विनी महादेव बिराजदार' आहे. म्हणाले, आधी नाव बदलून घ्या. कागद काय काय लागतात? आणि किती दिवस जातात? आज २२ जुलै झाली.

स्वप्नील (सी-३०१): लग्नपत्रिका दाखव की. माझ्या ताईचं तेवढ्यावरच झालं होतं.

जोशी काका (ए-१०२): स्वप्नील, तुझ्या ताईचा मुलगा आता कॉलेजात आहे. ते दिवस गेले. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत लग्नानंतरच्या नावासाठी दोनच कागद धरलेत, सरकारी विवाह नोंदणीचा दाखला नाहीतर राजपत्र. पत्रिका, फोटो, लग्न लावणाऱ्या स्वामींचं पत्र यांचा उपयोग तो दाखला काढताना. बँकेच्या टेबलावर नाही. अश्विनी, नोंदणी केलीत का?

अश्विनी: केली काका, जूनमध्येच दाखला मिळाला. पण त्यात माझं नाव बिराजदारच लिहिलंय! कोरे कुठेच नाही. चुकीचा दिला का?

जोशी काका: बरोबर दिलाय. काउंटरवर निम्म्या मुली हाच प्रश्न घेऊन यायच्या. दाखला सांगतो की अमुक तारखेला अमुक मुलीचं अमुक मुलाशी लग्न झालं. वधूचं नाव लग्नाआधीचंच येणार. नवं नाव त्यावर छापलेलं नसतं, ते दोन ओळी जोडून वाचायचं असतं. वधू अश्विनी महादेव बिराजदार, वर सागर कोरे, म्हणून अश्विनी सागर कोरे.

आता गंमत बघ. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं वडिलांचं नाव जाऊन तिथे नवऱ्याचं येतं. म्हणजे तीन शब्दांतले दोन बदलले. ओळख पटवायला उरलं एकच, तुझं स्वतःचं नाव. ते सगळ्या कागदांवर अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे. दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग आधारशी ताडून बघ आधी.

सचिव (ए-२०१): मध्येच सांगतो, उद्या पाळीचं पाणी पहाटे ५ ला सुटणार आहे. टाकी भरली की कॉक बंद करा, मागच्या वेळी सी विंगचं पाणी रस्त्यावर गेलं. चालू द्या तुमचं.

अश्विनी: काका, तुम्ही सांगितलं म्हणून बघितलं. आधार, पॅन, पासबुक सगळीकडे डब्ल्यू आहे. दाखल्यावर व्ही आलंय 😐

जोशी काका: मग पहिलं काम तेच. जिथून दाखला घेतलात तिथेच आधारची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज द्या. दुरुस्त दाखला हातात येईपर्यंत पुढचं काहीच भरू नका. आधारवाल्यांना चुकीचा दाखला गेला तर अर्ज नामंजूर होईल, आणि मंजूर झाला तर त्याहून वाईट. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. एक संधी व्ही-डब्ल्यूत घालवू नका.

रेखाताई (ए-४०३): तुझं निदान नाव तरी तेच राहिलं गं. माझं तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून सुनंदाची रेखा केली. सगळे टाळ्या वाजवत होते, मीपण लाजले 😄 बँकेत गेल्यावर साहेब म्हणाले, दाखल्यावर लग्न सुनंदाचं झालंय, तुम्ही कोण?

कोरे काकू (बी-२०४): मग काय केलंत ओ?

रेखाताई: राजपत्र काढलं. शासकीय मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज भरायचा, जुनं पूर्ण नाव, नवं पूर्ण नाव, कारण. महाराष्ट्र शासन राजपत्रात ते छापून आलं की त्या पानाची प्रिंट सगळीकडे लावायची. दोन्ही नावं एकाच ओळीत असतात, त्यामुळे मग कुणी काही विचारत नाही. पण ते छापून येईपर्यंत वर्षभर माझी सगळी खाती सुनंदाचीच होती.

जोशी काका: रेखाताईंचं अगदी बरोबर. नुसतं मधलं नाव आणि आडनाव नवऱ्याचं घेतलं तर दाखला पुरतो. पहिलं नाव बदललं, किंवा दोन्ही आडनावं जोडून लावायची असली, तर ते दाखल्यावरून वाचता येत नाही, तिथे राजपत्रच.

मेघा (सी-१०४): काका, मग जुनं आधार आणि दाखला घेऊन सरळ बँकेतच गेलं तर? तुम्हीच वर म्हणालात दाखला पुरतो.

जोशी काका: नियमाने चालतं. जुन्या नावाचं आधार अधिक दाखला, एवढ्यावर बँक नाव बदलू शकते. तरी मी आधी आधार, मग पॅन आणि शेवटी बँक असंच सांगतो. बँकेच्या संगणकावर तुझं पॅन जोडलेलं असतं, आणि पॅनवरचं नाव आयकर खात्याकडे असतं. बँकेत कोरे आणि पॅनवर बिराजदार असं झालं की दोन्ही टोकं जुळत नाहीत.

मेघा: अगदी! आता कळलं माझं काय झालं ते. मी बँकेतलं नाव उत्साहात आधी बदललं, पॅन राहूनच गेलं. पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर रिफंड आलाच नाही. पोर्टलवर खातं पडताळायला गेले तर नाव जुळत नाही असं दाखवत होतं. चार हजार रुपये होते, ते पॅन दुरुस्त करून पुन्हा पडताळणी केल्यावर आले.

जोशी काका: पॅनचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. दुरुस्तीचा फॉर्म भरताना पॅन नंबर तोच राहतो, नवं पॅन काढायचं नाही. आणि वडिलांच्या नावाचा रकाना आहे, तिथे लग्नानंतरही वडिलांचंच नाव राहतं. पुष्कळजणी तिथे नवऱ्याचं घालतात. तुझ्या मधल्या नावात सागर येईल, वडिलांच्या रकान्यात महादेवच राहील.

अश्विनी: हे बरं सांगितलंत. मी तिथे सागरच लिहिलं असतं. आता बँकेत नेमकं काय न्यायचं?

जोशी काका: नाव बदलाचा अर्ज बँकेचाच छापील मिळतो. सोबत दाखला, नवं आधार, नवं पॅन, पासबुक आणि फोटो. प्रती स्वतः सही करून द्यायच्या, पण मूळ कागद बरोबर ने, ते बघून परत देतात. खातं कुठल्या शाखेत आहे?

अश्विनी: एक अक्कलकोटला, कॉलेजच्या वेळचं. त्याच बँकेत इथे सात रस्त्याला पगाराचं.

जोशी काका: मग दोन्ही खाती एकाच ग्राहक क्रमांकाखाली आहेत का ते विचार. पासबुकाच्या पहिल्या पानावर खाते क्रमांकाबरोबर तो छापलेला असतो. एकच असेल तर एका अर्जात दोन्ही खाती, ठेवी, लॉकर सगळ्यांवरचं नाव बदलतं. दोन वेगळे निघाले तर एक खातं कोरे होईल आणि दुसरं बिराजदारच राहील, आणि ते तुला कळेल कधी, तर ठेव मोडायला जाशील तेव्हा. आधी दोन्ही एकत्र करून घे. खाते क्रमांक बदलत नाही, त्यामुळे पगाराची काळजी नको. एटीएम कार्ड आणि चेकबुक मात्र नव्या नावाचं मागून घे, ते आपोआप येईलच असं नाही.

कोरे काकू: आमच्या पतसंस्थेत पण तिच्या नावाने ठेव टाकलीय, तिथे काय करायचं?

जोशी काका: पतसंस्थेचे नियम तिचे तिच्या ठिकाणी. दाखल्याची प्रत घेऊन विचारून या, बहुतेक तेवढ्यावर होतं.

मेघा: सहीचं पण सांगा काका. मी त्यात घोळ घातलाय.

खजिनदार (सी-२०२): आठवतंय. मेंटेनन्सचे दोन चेक सही जुळत नाही म्हणून परत आले होते. दंडाची पावती मीच फाडली 🙏

मेघा: फाडणारच की तुम्ही! सहा चेक आगाऊ दिले होते जुन्या सहीचे. मधल्या काळात बँकेत नाव बदलताना नवी सही दिली. मला वाटलं, जुने चेक जुन्या सहीवर चालतील.

जोशी काका: नवी सही नोंदली की बँक त्या दिवसापासून तीच बघते. म्हणून अर्जावर जुनी सही करायची, कारण ती नोंदवलेली असते, आणि नवीचा नमुना वेगळ्या चौकटीत द्यायचा. त्याआधी बाहेर गेलेले सगळे चेक वटलेत का बघून घ्यायचं. सहीत आडनाव येत नसेल तर सही बदलूच नका. मी तर हेच सुचवतो.

वैशाली (बी-३०३): मी नाव बदललंच नाही, बारा वर्षं झाली. कायद्याने बदलावंच लागतं असं काही नाही. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर घेतलं तेव्हा नवरा-बायको आहोत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला जोडला, बस.

कोरे काकू: ते ज्याचं त्याने बघावं बाई. आमच्या अश्विनीची हौस आहे, आम्ही काही म्हणत नाही.

अश्विनी: हो, मलाच बदलायचंय. पण काका, मामांच्या चेकचं काय? हे सगळं होईपर्यंत तो चालेल का?

जोशी काका: चेकवर तारीख कुठली?

अश्विनी: लग्नाचीच. १० मे.

जोशी काका: चेक तारखेपासून तीन महिने चालतो. म्हणजे ९ ऑगस्टच्या आसपास संपला. तुझ्याकडे अठरा दिवस उरलेत. त्यात दाखल्याची दुरुस्ती, मग आधार, ज्याला महिनाभर लागू शकतो, मग पॅन, मग बँक. बसत नाही. आणि काउंटरवरच्या बाईंवर राग धरू नको. एकाच्या नावाचा चेक दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला तर वसूल करणारी बँकच अडचणीत येते.

मामांना सांग, हा चेक रद्द करा आणि दुसरा 'अश्विनी महादेव बिराजदार' नावाने लिहा. नाहीतर सरळ यूपीआय करा.

कोरे काकू: मामा म्हणतील, लग्न लावून दिलं आणि अजून माहेरचंच नाव?

जोशी काका: वहिनी, चेकवर खात्यावरचं नाव लिहायचं असतं. मामांच्या मनात जे असेल ते पाकिटावर लिहू दे.

अश्विनी (संध्याकाळी ७.४०): काका, दुरुस्तीचा अर्ज देऊन आले, आठ दिवसांनी बोलावलंय. आणि मामांनी यूपीआय केलं. पैसे टाकायच्या आधी त्यांच्या मोबाईलवर 'अश्विनी महादेव बिराजदार' असं नाव आलं, तर थांबून फोन केला, "ही तूच ना गं?"