पहिल्या पावलांची ओळ

> लेकीच्या पहिल्या पावलांच्या व्हिडिओखाली काय लिहू? जे सुचतं ते डायपरच्या जाहिरातीसारखं वाटतं.

‘चिमुकली’, ‘अनमोल’ ही विशेषणं कुठल्याही बाळाला लागू पडतात, तिथेच जाहिरात सुरू होते. व्हिडिओ पुन्हा बघा: ती काय सोडून निघाली, कशाकडे गेली, कशी थांबली? नव्याने चालणारी मुलं पाय फाकवून, हात वर धरून चालतात आणि धपकन बसतात. तेच लिहा. समजा:

‘सोफा सोडला, हात वर, चार पावलं, आणि बाबाच्या चपलेपाशी धपकन! चप्पल उचलून हसली. आम्ही दोघं नुसते ओरडत होतो.’

शेवटचं वाक्य गाळू नका हं, तुमचा आनंद तिथे आहे. ‘स्वप्नांकडे पहिलं पाऊल’ मात्र नको. ती चपलेकडेच निघाली होती.