१२ पाहुण्यांसाठी सोलकढी: नारळ किती, आमसुलं किती, पाणी किती?

मृणाल (बी-४०२): रविवारी दुपारी १२ जण जेवायला आहेत. तळलेले बांगडे, तिसऱ्यांचं सुकं, भात आणि सोलकढी असा बेत आहे. चार जणांची सोलकढी नेहमी होते, ती एका नारळात. मग १२ जणांना सरळ तीन नारळ, तिप्पट आमसुलं आणि तिप्पट पाणी घ्यायचं का?

सुलभाकाकू (ए-१०१): नारळ तीनच घे मृणाल, पण आधी सोलकढी एकूण किती लागेल ते ठरव. नुसती प्यायला १५० मिलीची वाटी धरली तर १२ जणांना १८०० मिली. शिवाय मासे असले की निम्मे लोक भातावर परत घेतात. म्हणून अडीच लिटर धर. आता हे अडीच लिटर कुठून येणार ते बघ. पाणी तीन ठिकाणी पडतं: दूध काढताना, आमसुलं भिजवताना आणि शेवटी सारखं करताना. दूध काढताना घातलेलं पाणी बहुतेक जण मोजतच नाहीत. मग शेवटी अंदाजाने तांब्याभर ओततात आणि कढी पाणचट होते.

मृणाल (बी-४०२): म्हणजे मापात सांगायचं तर?

सुलभाकाकू (ए-१०१): तीन मध्यम नारळांचा चव साधारण पाऊण किलो भरतो. दूध काढायला एकूण दीड लिटर कोमट पाणी घे. पहिल्या वेळी ६००, दुसऱ्या वेळी ६००, तिसऱ्या वेळी ३०० मिली. नारळाचा स्वतःचा ओलावा उतरतो, थोडं पाणी चोथ्यात राहतं, त्यामुळे हाती साधारण १६०० मिली दूध येतं. आमसुलं ३५ ते ४०, म्हणजे ७०-८० ग्रॅम, ७०० मिली कोमट पाण्यात भिजव. झाले २३०० मिली. राहिलेलं २०० मिली साधं पाणी बाजूला ठेव, लागलं तरच घाल.

नितीन (सी-३०३): काकूंचं माप बरोबर आहे. फक्त पहिलं दाट दूध वेगळ्या पातेल्यात ठेवा. आमसुलाचं पाणी आधी दुसऱ्या-तिसऱ्या पातळ दुधात मिसळायचं आणि दाट दूध सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत. तसं केलं की दाटपणा आपल्या हातात राहतो. वहिनी, तीन नारळांना लसणीच्या ८-९ लहान पाकळ्या आणि तीन हिरव्या मिरच्या पुरे. त्या चवाबरोबरच पहिल्या वेळी वाटायच्या, म्हणजे वास दुधात उतरतो आणि गाळताना चोथा निघून जातो.

मृणाल (बी-४०२): आमसुलं मोजून घेतली तरी आंबटपणा दर वेळी वेगळा का येतो?

सुलभाकाकू (ए-१०१): आमसुलं वाळवताना कोकमाच्या रसाची पुटं देतात. कुणी जास्त देतं, कुणी कमी. मिठाचं प्रमाणही सारखं नसतं. त्यामुळे नगावर विसंबू नकोस. आमसुलं अर्धा-पाऊण तास भिजली की हाताने चांगली कोळ, पाणी गाळ, आणि मग एका वाटीत चव बघ. १०० मिली दूध घे, दाट-पातळ एकत्र केलेलं. त्यात आमसुलाचं पाणी एकेक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, घालत जा. तीन चमच्यांना चव जमली तर १०० ला ४५, म्हणजे १६०० मिली दुधाला ७२० मिली. सगळं पाणी लागणार. दोनच चमच्यांना जमली तर ४८० मिली पुरेल. मग राहिलेलं आमसुलाचं पाणी ओतायचं नाही, त्या जागी साधं पाणी घालून अडीच लिटर पुरं करायचं. मीठसुद्धा याच वाटीत ठरव.

जया (ए-२०४): या वाटीत रंगही कळतो. आमसूल कमी पडलं किंवा फार जुनं असलं की दूध गुलाबी न होता जांभळट-राखाडी दिसतं. कोकमाचा रंग आंबटपणावर उमलतो आणि नारळाचं दूध आंबट नसतं. तेव्हा रंग मळका आला तर बीट किसून घालू नकोस. एक-दोन चमचे आमसुलाचं पाणी वाढव, गुलाबी होतं. आणि भिजवायला स्टील किंवा काचेचं भांडं घे. लोखंड, अॅल्युमिनियम, कल्हई नसलेलं पितळ, यातलं काही नको.

संदेश (बी-१०३): आमच्याकडे मालवणहून आगळ आलंय. ते पाठवू का? त्याचं प्रमाण काय?

नितीन (सी-३०३): आगळ असेल तर एक लिटर सोलकढीला ५० ते ६० मिली लागतं. अडीच लिटरला १३० मिली आगळ घ्या, त्यात साधं पाणी घालून ७०० मिली करा आणि काकूंनी सांगितलेली वाटी त्यानेच बघा. आगळात मीठ भरपूर असतं, म्हणून चव घेईपर्यंत वरून मीठ अजिबात घालायचं नाही. सरबताचं गोड कोकम मात्र चुकूनही नको, त्यात साखर असते.

मृणाल (बी-४०२): आमसुलंच घेते, घरात आहेत. सकाळी लवकर सगळं करून फ्रिजमध्ये ठेवलं तर? मागे एकदा वर कण जमले होते, फाटली असं वाटलं.

सुलभाकाकू (ए-१०१): ते कण चिमटीत धरून चोळून बघायचे. बोटांना तेलकट लागून विरघळले तर ती गोठलेली चरबी आहे, कढी फाटलेली नाही. खोबरेल २४ अंशांखाली गोठतं, तसंच हे. बाहेर काढून वीस मिनिटं ठेव आणि डावाने ढवळ, पूर्ववत होते. कण चोळून विरघळले नाहीत, रवाळ राहिले आणि खाली पाणी सुटलं, तर ती खरोखर फाटली. असं बहुधा उष्णतेने होतं. गरम दुधात आंबट पडलं किंवा मिसळून झाल्यावर कढी गॅसवर ठेवली, की दुधातली प्रथिनं गोळा होतात. ती परत जुळत नाहीत. मिक्सरही फार वेळ फिरवू नकोस, वाटण तापतं आणि लोणी सुटतं.

जया (ए-२०४): आणि मिसळून अर्धा तास ठेवल्यावर वर पांढरट, खाली गुलाबी असे दोन थर दिसले तर घाबरू नकोस. तसं होतंच. दर वेळी वाढताना तळापासून ढवळायचं.

मृणाल (बी-४०२): मग एकत्र कधी करू? जेवण १ वाजता आहे.

सुलभाकाकू (ए-१०१): ११ ला आमसुलं भिजव आणि दूध काढ. दूध फ्रिजमध्ये, आमसुलाचं पाणी बाहेर. सव्वाबाराला दूध बाहेर काढ, साडेबाराला वाटीची परीक्षा करून एकत्र कर. मीठ आणि बारीक चिरलेली कोथिंबीर तेव्हाच. हवी तर थोडी जिरेपूड.

संदेश (बी-१०३): खोवायला वेळ नसेल तर डब्यातलं दूध चालेल?

नितीन (सी-३०३): चालेल. ४०० मिलीचे दोन डबे आणि ८०० मिली पाणी, म्हणजे तेच १६०० मिली. लसूण-मिरची त्यातल्याच वाटीभर पाण्यात वाटून गाळून घाला. ताज्या नारळाची गोडी त्यात येत नाही, म्हणून आमसुलाचं पाणी ५०० मिलीपासून सुरू करून वाढवत जा.

मृणाल (बी-४०२): तीन नारळ, ४० आमसुलं लिहून घेतली. उरलीच तर रात्री चालेल ना?

सुलभाकाकू (ए-१०१): जेवणं होताच फ्रिजमध्ये गेली तर रात्री चालेल. उन्हाळ्यात तीन-चार तास बाहेर राहिलेली ठेवू नकोस, नारळाचं दूध लवकर आंबतं आणि आमसुलाच्या आंबटपणात ते जिभेला कळत नाही. वास घेऊन बघ, तो आधी सांगतो. आणि नारळ चार आण. एखादा खवट निघाला तर ऐनवेळी धावपळ नको.