जिल्हाधिकाऱ्यांना ईमेल : आदर किती आणि मागणी कोणती?

शाहूपुरीकर :
माझ्या मामांनी जिल्हाधिकाऱ्यांना पाठवण्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे. तो असाच पाठवावा की बदलावा, याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत.

«आदरणीय मा. जिल्हाधिकारी साहेब, तुम्हाला कळवू इच्छितो की माझ्या वडिलांचे नाव संगणकीकृत ७/१२ वर चुकीचे आले आहे. तहसील कार्यालयात अर्ज दिला, पण तिथे कोणीही लक्ष देत नाही व हेलपाटे मारायला लावतात. तरी आपण यात जातीने लक्ष घालून योग्य ती कार्यवाही करावी. धन्यवाद.»

रंकाळ्याचा राजाभाऊ :
आधी ‘तुम्हाला’ आणि पुढे ‘आपण’ हे एकाच पत्रात शोभत नाही. सर्वत्र ‘आपण’, ‘आपणांस’ हेच ठेवावे. परंतु एवढ्या मोठ्या पदावरील व्यक्तीला लिहिताना आदर आणखी ठळक दिसला पाहिजे, असे माझे मत आहे. साहेबांचे पूर्ण नाव, त्यापुढे ‘भा.प्र.से.’, आरंभी ‘परम आदरणीय’, आणि आपल्या कार्यतत्परतेची कीर्ती आम्ही ऐकून आहोत अशा अर्थाचे एक वाक्य घालावे. गोड शब्दांनी कोणाचे नुकसान झाल्याचे मी पाहिलेले नाही.

निवृत्त अव्वल कारकून :
‘आपण’विषयी राजाभाऊ बरोबर आहेत, बाकीच्याशी मी सहमत नाही. पत्र पदाला लिहावे, नावाला नव्हे, कारण बदली झाली तरी पद तिथेच राहते. ‘मा.’ लिहिल्यावर ‘आदरणीय’ आणि ‘साहेब’ ही दोन्ही जादा होतात. पदावर महिला अधिकारी असतील तर ‘महोदया’, अन्यथा ‘महोदय’, एवढा संबोधनाचा आदर पुरेसा असतो. स्तुतीचे वाक्य पाहून वाचणारा लिपिक एवढेच समजतो की खरी मागणी अजून खाली कुठेतरी आहे.

खरी अडचण मात्र ‘योग्य ती कार्यवाही करावी’ या शब्दांत आहे. ईमेल आधी आवक नोंदीला जातो, तिथून महसूल शाखेच्या संकलनाकडे येतो, आणि ज्याच्या टेबलावर तो पडतो तो विषय आणि शेवटचा परिच्छेद पाहतो. अर्जदाराने नेमके काही मागितलेले नसेल, तर तहसीलदारांना उद्देशून दोन ओळींचे पत्र तयार होते : ‘सोबतच्या अर्जाबाबत नियमानुसार योग्य ती कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे.’ जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दृष्टीने तिथे अर्ज निकाली निघतो, आणि मामांचे प्रकरण होते त्याच कपाटात राहते.

उलट ‘नाव दुरुस्त करून मिळावे’ असे थेट लिहिले, तर तहसीलदारांकडे दाद मागावी असे उत्तर येईल, कारण लेखनातील अशा चुकांच्या दुरुस्तीचे प्रकरण तहसीलदारच चालवतात. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः देता येईल अशीच गोष्ट मागावी : प्रलंबित अर्जावर निर्णय घेण्याचे निर्देश. मी मजकूर असा लिहिला असता :

> प्रति,
> मा. जिल्हाधिकारी,
> जिल्हाधिकारी कार्यालय, नागाळा पार्क, कोल्हापूर.
>
> विषय : मौजे ……, ता. ……, गट क्र. …… च्या ७/१२ वरील नावाच्या दुरुस्तीसाठी केलेल्या प्रलंबित अर्जावर निर्णय होण्याबाबत.
> संदर्भ : तहसील कार्यालय, …… येथील माझा अर्ज, आवक क्र. ……, दि. ……
>
> महोदय,
>
> वरील विषयास अनुसरून आपणांस सविनय कळवितो की, सदर जमिनीच्या हस्तलिखित ७/१२ वर माझ्या वडिलांचे नाव ‘पांडुरंग’ असे असून संगणकीकृत ७/१२ वर ते ‘पंडित’ असे नोंदले गेले आहे. या दोन उताऱ्यांच्या दरम्यान नावात बदल करणारा कोणताही फेरफार झालेला नाही. दुरुस्तीसाठी मी संदर्भाधीन अर्ज सादर केला असून त्यावरील निर्णय मला अद्याप प्राप्त झालेला नाही.
>
> तरी सदर अर्जावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ नुसार निर्णय घेऊन तो मला लेखी कळविण्याबाबत तहसीलदार, …… यांना निर्देश देण्यात यावेत, ही नम्र विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक)
>
> सोबत : १) तहसीलमधील अर्जाची पोच, २) हस्तलिखित ७/१२, ३) संगणकीकृत ७/१२.

फेरफार झालेला नाही, हे वाक्य गाळू नका. मध्ये एखाद्या फेरफाराने नाव बदलले असेल, तर ती लेखनातील चूक राहत नाही. त्या फेरफाराविरुद्ध अपील करावे लागते आणि हा सगळा मजकूर निरुपयोगी ठरतो. म्हणून पाठवण्यापूर्वी मामांनी जुने फेरफार एकदा काढून पाहावेत.

राजारामपुरीची वाचक :
मजकूर नेटका आहे, तरीही दोन गोष्टी मला खटकतात. सामान्य माणसाच्या पत्रात कलमाचा आकडा आला की ते वकिलाने लिहिल्यासारखे वाटते आणि वाचणाऱ्याच्या मनात अढी बसते. शिवाय हेलपाट्यांचा उल्लेखच काढून टाकला, तर वरिष्ठांना खालची परिस्थिती कळणार कशी? नम्रता म्हणजे तक्रार गिळणे नव्हे.

निवृत्त अव्वल कारकून :
कलमाने अढी बसत नाही, टेबल ठरते. आकडा दिसला की अर्ज कोणत्या प्रकारचा आहे हे लिपिकाला लगेच कळते. हेलपाट्यांविषयी मात्र आपल्या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त ‘कोणीही लक्ष देत नाही’ असे लिहिले की खालून खुलासा मागवला जातो, आणि पुढचा पत्रव्यवहार त्या खुलाशाभोवतीच फिरत राहतो. त्याऐवजी ‘दि. …… व दि. …… रोजी समक्ष भेटून चौकशी केली’ असे लिहावे. तारखा असल्या की विलंब वेगळा सांगावा लागत नाही.

कागलची सुनबाई :
फार उपयोगी मजकूर आहे. माझ्या सासऱ्यांच्या निधनानंतरची वारस नोंद अशीच अडकली आहे, कारण चुलत सासऱ्यांनी हरकत घेतली आहे. मी गट क्रमांक बदलून हेच पत्र पाठवते.

निवृत्त अव्वल कारकून :
ताई, कृपया हे पाठवू नका. वारस नोंद ही चुकीची दुरुस्ती नाही, तो नवा फेरफार आहे, आणि त्यावर हरकत आली की तक्रारीची सुनावणी घेऊन निर्णय द्यावा लागतो. आपल्या पत्रात कलम १५५ आले, तर चुकीच्या कलमाखालील अर्ज म्हणून तो परत येण्याचीच शक्यता अधिक. हरकतीच्या सुनावणीची तारीख लागली आहे का, हे आधी तलाठ्यांकडे किंवा मंडळ अधिकाऱ्यांकडे विचारावे. तारीख लागली नसेल तर ‘सुनावणी घेण्यात यावी’ एवढीच मागणी करावी.

राजारामपुरीची वाचक :
कलमाचे मी मान्य करते. पण प्रांताधिकाऱ्यांना ओलांडून थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणे हाच मुळात अनादर नाही का? आणि खाली ‘प्रत : तहसीलदार’ का नाही? ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना कळू न देता वरिष्ठांना लिहिणे मला सभ्यपणाचे वाटत नाही.

निवृत्त अव्वल कारकून :
प्रांताधिकाऱ्यांकडे आधी जावे, हे मीही मान्य करतो. तिथे लिहायचे तर मजकूर हाच राहील, केवळ ‘प्रति’ बदलेल. तहसीलदारांना प्रत पाठवण्याच्या मात्र मी विरुद्ध आहे. निर्देश वरून येण्याआधीच प्रत खाली पोहोचली, तर घाईने काहीतरी त्रुटी काढून अर्ज परत केला जातो, असे मी पाहिले आहे.

रंकाळ्याचा राजाभाऊ :
आणि मी याच्या नेमके उलटे पाहिले आहे. प्रत मिळाल्यावर आमच्या शेजाऱ्यांचा आदेश त्याच आठवड्यात निघाला. प्रत जरूर द्यावी.

शाहूपुरीकर :
मामांनी आज जुने फेरफार काढण्यासाठी अर्ज दिला आहे. ते हाती येईपर्यंत ईमेल थांबवला आहे. ‘साहेब’ हा शब्द काढायला ते अजूनही तयार नाहीत.