‘अपॉर्च्युनिटी कॉस्ट’ला रोजच्या बोलण्यात काय म्हणायचं?

खटपट्या: भाची नगरला घरी राहून २२ हजारांची नोकरी करते. आता म्हणते ती सोडून वर्षभर पुण्याला राहून एमपीएससी करायची. खर्च विचारला तर क्लासचे ६० हजार, रूमचे महिना ५ हजार म्हणजे ६० हजार, आणि मेस. मी म्हटलं अगं पगार बुडतोय तो कुठे धरलास, तर म्हणे तो खिशातून थोडाच जातोय. ह्या न दिसणाऱ्या खर्चाला मराठीत शब्द आहे का? पुस्तकात ‘वैकल्पिक खर्च’ होतं पण ते वाचून मला आधी वैकल्पिक विषयच आठवतो.

पाटीवरचा: ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी’, झालं की!

जुनी खातेवही: म्हण जवळ जाते पण बसत नाही. ती हातचं सोडणाऱ्याला हसते, इथे हातचं धरून ठेवलं तरी काहीतरी सुटतंच. भाचीने नोकरी धरली तर परीक्षेचं ते एक वर्ष जातं, तीही किंमतच. आणि पगार धरा पण पूर्ण नको, कामावर जायला महिना २ हजार लागत असतील तर ते वाचले, म्हणजे बुडाले २० हजार, वर्षाचे २ लाख ४०. रूम पूर्ण धरायची कारण घरी भाडं नव्हतं. मेसचं मात्र घरच्या जेवणापेक्षा जे जास्त तेवढंच, जेवायला दोन्हीकडे लागतंच ना. क्लास, रूम, पगार मिळून ३ लाख ६०, वर मेसचा फरक.

गणपुले: माझं पण तेच चाललंय, दोन वर्षं घातली अभ्यासात, आता सोडलं तर ती वाया, हीच अपॉर्च्युनिटी कॉस्ट ना?

जुनी खातेवही: नाही हो, ती दोन वर्षं गेली, पुढे काहीही केलंत तरी परत येत नाहीत. तुमचा हिशोब तिसऱ्या वर्षाचा, ह्या वर्षात दुसरं काय करता आलं असतं.

पाटीवरचा: मग रविवारी मी गाडी धुतो ते तोट्यातच की! पगाराचा तास ४०० रुपयांचा आणि धुणारा घेतो १००.

जुनी खातेवही: रविवारी तुम्हाला कोण देतंय ४००? त्या तासात झोपणार होतात तर झोपच गेली. सुटलेल्या पर्यायांतला सगळ्यात चांगला एकच धरायचा. नोकरी, शिकवण्या, दुकान अशी सगळ्यांची बेरीज करून लोक उगाच घाबरतात, एका माणसाला एका वेळी करता तर एकच येणार होतं.

शुद्धलेखनवाली: ‘संधीमूल्य’ वापरा, फक्त समासात ऱ्हस्व, संधिसाधूसारखं संधिमूल्य.

खटपट्या: संधिमूल्य म्हणजे संधीची किंमत झाली हो, सुटलेलीची कुठे? मी तर भाचीला ‘सुटलेला पगार’ म्हटलं, कळलं तिला. पण झोपेला पगार कसं म्हणू?

गणपुले: ‘मुकणं’ घ्या ना, आमची आई म्हणते, झोपेला मुकलास.