टॅनग्रॅम: अडतो तो समांतरभुज चौकोन

> टॅनग्रॅम या सात तुकड्यांच्या आकार जुळवण्याच्या कोड्यात सहा तुकडे बसतात, पण समांतरभुज चौकोन काही केल्या बसत नाही. चौथीच्या मुलांचं नेमकं काय चुकतं?

मुलं तो फक्त फिरवत बसतात, पालथा करत नाहीत. बाकीचे सहा तुकडे पालथे केले तरी आकार तोच राहतो, म्हणून तशी गरजच पडलेली नसते. त्यात संच घोटीव कागदाचा असेल तर आणखी पंचाईत, कारण पांढरी बाजू वर आली की मुलांना ते ‘चूक’ वाटतं. दोन्ही बाजूंना एकच रंग असलेला पुठ्ठा घ्या.

आधी कागदाची घडी करून दाखवा. घोटीव कागद रंग आत ठेवून दुमडा, त्यावर समांतरभुज चौकोन गिरवा आणि दोन्ही पदर एकदम कापा. दोन्ही तुकडे रंग वर करून टेबलावर ठेवा. आता एक तुकडा न उचलता, नुसता सरकवत-फिरवत दुसऱ्यावर तंतोतंत बसवायला सांगा. कितीही फिरवला तरी कोपरे बाहेर डोकावतात, पालथा केला की लगेच झाकतो. चौरसाची जोडी अशीच कापली तर नुसतं फिरवूनच काम भागतं. हा फरक मुलांनाच सापडू द्या, घाईने सांगून टाकू नका. मग संचातले दोन लहान त्रिकोण जोडून तोच समांतरभुज चौकोन दोन्ही दिशांना कललेला बनवायला द्या.