मदत हवी आहे: ११ किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल सिरिंजने मोजताना ३.३ मिली कसं धरायचं?

बाळ दीड वर्षाचं, अंगणवाडीच्या काट्यावर वजन ११ किलो. डॉक्टरांनी किलोमागे १५ मिग्रॅ सांगितलंय, म्हणजे एका वेळी १६५ मिग्रॅ. दोन डोसांत किमान सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. सर्दीचं दुसरं औषध चालू नाही, त्यामुळे त्यातून पॅरासिटामॉल दुप्पट जाण्याचा प्रश्न नाही.

बाटलीवर ५ मिलीत २५० मिग्रॅ लिहिलंय, म्हणजे १ मिलीत ५० आणि आपला डोस ३.३ मिली. (१२० वाली बाटली असती तर तोच डोस जवळपास ६.९ मिली झाला असता, आणि ड्रॉप्स तर १ मिलीत १०० मिग्रॅ असतात. म्हणून आकडा आधी लेबलवरून पडताळलाय.) घरातल्या चमच्यांत कमी-जास्त मावतं, तो मार्ग बंद. झाकणाच्या मापावर २.५ आणि ५ एवढ्याच खुणा आहेत.

सध्या मेडिकलमधली ५ मिलीची सिरिंज, सुई आणि टोपी काढून वापरतेय. औषध झाकणात ओतून ओढते, टोक वर करून बुडबुडा बाहेर काढते आणि दट्ट्याची टोकाकडची कडा खुणेला लावते. पण खुणा ०.२ मिलीच्या आहेत, त्यामुळे ३.३ दोन रेषांच्या मध्ये येतं. तूर्त ३.२ वर थांबते, म्हणजे १६० मिग्रॅ, थोडं कमीच.

सांगली किंवा मिरजेत ०.१ मिली खुणांची तोंडाने द्यायची सिरिंज, शक्यतो बाटलीच्या तोंडात बसणाऱ्या बुचासकट, कुठे मिळेल? आणि तोपर्यंत ३.२ वरच थांबणं बरोबर आहे ना?